तेविसावा प्रश्न

तेविसावा प्रश्न गणिताच्या शिक्षिका तडाला चिराम्बोबाईंनीच काढला होता. रुम्फी गावाच्या परिसरातल्या अकरा शाळांची आठवीची सराव परीक्षा, गणिताचा पेपर. पाण्याची टाकी, दोन नळ, चार पर्याय. पेपर काढणाऱ्यांनी गुप्ततेच्या कागदावर सह्या केल्या होत्या. बाईंचीही सही होती.

निकालानंतर अकराही शाळांचे शिक्षक बाईंच्या शाळेच्या सभागृहात जमले. चहा आणि मंडासीचे गोड तळलेले गोळे खाऊन झाल्यावर शिक्षणाधिकारी कुमवेंडा प्रश्नागणिक आकडे वाचू लागले. कोणत्या प्रश्नाचं उत्तर शेकडा किती मुलांनी बरोबर लिहिलं, ते.

"तेवीस नंबर. सहाशे चाळीस मुलं, बरोबर एकशे अठ्ठ्याण्णव. म्हणजे एकतीस टक्के. अवघड गेलाय," ते म्हणाले. मग चष्मा वर सारून हसले. "पण चिराम्बो मॅडमच्या वर्गात पन्नासातली सत्तेचाळीस बरोबर! चौऱ्याण्णव टक्के! ती बाजूला काढली, तर बाकीच्यांचे सव्वीसच टक्के उरतात. डोळे मिटून खूण केली तरी चारात एक लागतोच की."

मुख्याध्यापक न्यिरोंगोंची छाती फुगली. "आमच्या मॅडम आहेत! उठा मॅडम, सांगा यांना कसं शिकवलंत ते."

टाळ्या पडल्या. बाई उठल्या. परीक्षेच्या आठवडाभर आधी त्यांनी तेच गणित, त्याच आकड्यांसह, फळ्यावर सोडवून घेतलं होतं. उजळणीच तर आहे, असं मनाला बजावलं होतं. मागच्या वर्षी त्यांचा वर्ग सगळ्यात खाली होता.

"काही शिकवलं नाही," त्या म्हणाल्या. "प्रश्न सांगितला होता मी. आधीच."

टाळ्या थांबल्या. न्यिरोंगो खाली बघत राहिले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आणि आम्ही आमच्या पोरांना मठ्ठ म्हणालो!" ते बाईंना सगळ्यात जास्त लागलं.

कुमवेंडांनी तो प्रश्न सगळ्यांच्याच गुणांतून काढला आणि बाईंना पेपर काढण्याच्या कामातून कमी केलं. "बसा मॅडम," एवढंच ते बोलले, तेही हळू.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात खरं सांगितलं. पुढच्या बाकावरच्या वेझीने विचारलं, "मॅडम, म्हणजे आम्हाला ते गणित येत नाही?"

"माहीत नाही, बाळा."

बाईंनी आकडे बदलून तसंच गणित दिलं. कागद तिथेच तपासले. पन्नासातली अकरा बरोबर. बावीस टक्के. वेझीचं चुकलं होतं. ती पाठ केलेलं जुनंच उत्तर लिहून, बरोबरची खूण मिळणार म्हणून बाईंकडे बघत होती.

बाईंना तिच्याकडे बघवेना. त्यांनी फळा पुसला, पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या आणि पहिल्या नळापासून सुरुवात केली.