पपांच्या नाकापुरता पांढरा रंग

पेटिफरांच्या घरात दोन चित्रकार राहत, आणि दुसऱ्याला चित्र काढता येत नाही यावर दोघांचं एकमत होतं.

पपा, म्हणजे बार्नबी पेटिफर, यांनी उभं आयुष्य सरे परगण्यातल्या बड्या लोकांची चित्रं काढण्यात घालवलं. बिअरवाले, वकील, पाद्री आणि त्यांच्या बायका. पपांच्या हातून कुणाला दुहेरी हनुवटी मिळाली नाही, कुणाचे दात पुढे आले नाहीत. त्यांची रीत ठरलेली. कॅनव्हासला आधी तपकिरी लेप, कोपरे अंधारे, मधोमध चेहऱ्यावर उजेड, आणि सावल्यांमध्ये डांबराचा तो गोड, दाट, तपकिरी रंग. झाड काढायची वेळ आली तर तेही तपकिरी. "हिरवं झाड पालेभाजीच्या दुकानात शोभतं," असं ते म्हणत.

मुलगी लॅव्हिनिया, घरातली विनी, चाळिशी ओलांडलेली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाप शिकवतो म्हणाला होता, पण तिला तपकिरीचा कंटाळा होता. मग राणीच्या राज्याला दहा-बारा वर्षं झाली असतील-नसतील, तेव्हा लंडनमध्ये काही तरुण पोरांनी बंड केलं. त्यांचं म्हणणं असं, की तीनशे वर्षांपूर्वीचा चित्रकार रॅफेल मोठा खरा, पण त्याच्यानंतर सगळ्यांनी त्याची पाककृती केली. आकृत्यांचा त्रिकोण करा, चेहरे गोड करा, सावल्या काळ्या करा. आपण रॅफेलच्या आधी जाऊ, कुणाच्याही पाककृतीविना डोळे उघडून पानन् पान बघू. वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं. विनी लंडनला जाऊन त्यांची चित्रं बघून आली आणि पुढचे दोन दिवस घरी कुणाशी बोलली नाही.

"काय गं, आजारी आहेस का?" पपांनी विचारलं.

"नाही. गवत पाहून आले."

"गवत आपल्या परसात आहे की! तेवढ्यासाठी आगगाडीचं तिकीट काढलंस?"

त्या पोरांची युक्ती तिने वाचून, विचारून आणि चार कॅनव्हास वाया घालवून शिकून घेतली. तपकिरी लेपाऐवजी शुभ्र पांढरा. त्यावर रेखाटन. मग सकाळी, त्या दिवशी जेवढं रंगवायचं तेवढ्याच तुकड्यावर, राळेचं वार्निश मिसळलेल्या पांढऱ्या रंगाचा पातळ हात, इतका पातळ की खालची रेघ दिसत राहावी. तो ओला असतानाच बारीक केसांच्या कुंचल्याने वर पारदर्शक रंग हळूच ठेवायचा. घासायचं नाही, नाहीतर पांढरा वर येऊन सगळं दूधपाणी होतं. नीट जमलं तर उजेड रंगातून आत जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि परत येतो, चर्चच्या रंगीत काचेसारखा. पण चूक सुधारता येत नाही. वरून रंग चढवला की उजेड मेला. सुरीने खरवडा आणि पुन्हा सुरुवात करा. आणि समोर जे नाही ते काढायचं नाही. ही तर शपथच.

त्या उन्हाळ्यात विनी परसामागच्या बांधावर छत्री लावून बसली. सकाळचं ऊन, कुंपणाचा उतार, नेचे, काटेरी ब्लॅकबेरी, आयव्हीचे वेल, आणि फॉक्सग्लवचा एक उंच दांडा, खालपासून वरपर्यंत जांभळट-गुलाबी घंटा लागलेला. दिवसाला तळहाताएवढं चित्र पुढे सरके. मोठ्या गोगलगायीने एकदा तिला मागे टाकलं, असं स्वयंपाकीणबाई मिसेस गॉस्लिंग शपथेवर सांगत. चित्राच्या मधोमध मात्र माणसाच्या आकाराची पांढरी जागा कोरी ठेवली होती. निसर्ग उन्हाळ्यात, बाहेर. माणूस नंतर, सावकाश. त्या पोरांची रीतच तशी. चक्कीवाल्याची सडपातळ मुलगी कझाया तिथे घागर घेऊन बसणार होती. एप्रिलच्या सुरुवातीला चित्र लंडनच्या अकादमीत, वार्षिक प्रदर्शनासाठी पोचवायचं. विनीने आजवर कुठेही काही पाठवलं नव्हतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

ऑक्टोबरात कझाया लग्न करून दूर निघून गेली.

"तुझ्या चित्राला भोक पडलंय," पपा जेवताना म्हणाले.

"तिथे तुम्ही बसा."

"मी? तुमची जात चामखीळसुद्धा सोडत नाही. जगाला जे विकलं नाही ते तुला फुकट देऊ?"

पपांच्या नाकाच्या डाव्या बाजूला एक चामखीळ होती. स्वतःचं चित्र त्यांनी कधी काढलं नव्हतं, ते का हे घरात कुणी विचारत नसे.

मग एका दुपारी ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. हात पाठीमागे. विनीला आधी वाटलं, आवडलं. तिचा जीव उगाचच हलका झाला.

"विनी, हा फॉक्सग्लव कुठे पाहिलास?"

"बांधावर. दुसरीकडे कुठे?"

"असा?"

"असाच. एकेक घंटा समोर बसून काढलीय, पपा. आतले ठिपकेसुद्धा."

"ते दिसतंय. पण तुझी आई तुझ्या बोटांत त्या घंटा घालायची, आठवतंय? नेहमी खालून गळलेल्या. वरची उमलेपर्यंत खालची टिकत नाही. तुझ्या दांड्यावर तर खालपासून शेंड्यापर्यंत सगळ्या एकदम ताज्या."

विनी बघत राहिली. मग तिने बोटाने खालून वर एकेक घंटा मोजली. तिने खालची घंटा उमलली तेव्हा काढली. मग जशी जशी वरची उमलली तशी तशी ती वर चढत गेली. जूनमधली खालची, जुलैमधली वरची. प्रत्येक सकाळ खरी. सगळा दांडा खोटा. असं फूल त्या बांधावरच काय, इंग्लंडात कुठल्याच दिवशी उभं नव्हतं.

"मी एका दुपारीत खोटं बोलायचो," पपा हळूच म्हणाले. "तुला अख्खा उन्हाळा लागला."

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. पपा घाबरले. बाईमाणसाच्या अश्रूंवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, चहा. ते स्वतः चहा आणायला गेले, आणि मिसेस गॉस्लिंगना वाटलं घरात कुणीतरी गेलं.

"खरवडावं लागेल," चहा घेताना विनी म्हणाली. "आणि आता फॉक्सग्लव कुठला? जूनशिवाय नाही. आठवणीतून काढला तर मग तुमच्यात नि माझ्यात फरक काय?"

"आठवणीतून काढू नकोस," पपा म्हणाले. त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं.

ते शेकोटीवरच्या चित्राकडे बघत होते. ते आईचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पपांनीच काढलेलं. डांबराचा रंग कधी पुरता वाळत नाही. वर्षानुवर्षं शेकोटीची ऊब खाऊन शालीच्या सावल्या सुसरीच्या पाठीसारख्या तडकल्या होत्या, आणि केसांचा अंधार ओघळून कपाळावर उतरू लागला होता. पपा दोष शेकोटीला देत.

"तुझ्या आईचं नाक किंचित डावीकडे होतं," ते म्हणाले. "मी सरळ केलं. तिला आवडेल म्हणून. ती बघून नुसती हसली. आता, विनी, मी रोज त्या सरळ नाकाकडे बघतो, आणि मला तिचं खरं नाक आठवत नाही."

चहा निवला.

"तो फॉक्सग्लव खरवड," पपा शेवटी म्हणाले. "नाहीतरी कझायासाठी ठेवलेल्या भोकात माझं पोट मावणार नाही. शेजारची जागा लागेलच."

मार्च उजाडेपर्यंत विनीने फॉक्सग्लव खरवडून तिथे नवा पांढरा थर वाळवला होता. मार्चच्या दुपारचं ऊन जुलैच्या सकाळइतकंच तिरपं पडतं, हे तिने परसातल्या काठीच्या सावलीवरून ताडून पाहिलं. दिशा तेवढी वेगळी, म्हणून खुर्ची फिरवली, की झालं. ऊन निघालं की पपा गवतावर खुर्चीत, पायाशी गरम विटा, कोटाखाली दोन लोकरी बंड्या, हातात जुनी टोपी. एके दिवशी फक्त टोपी. एके दिवशी एक बाही. पपा गप्प बसत नसत.

"माझ्या हनुवटीखाली काय लावतेस?"

"हिरवा."

"हिरवा! मी कोबी आहे का?"

"गवताचा उजेड वर पडतोय. आणि तुमच्या कोटाची सावली जांभळी आहे."

"माझा कोट काळा आहे. पैसे मोजून काळा घेतलाय."

"उन्हात नाही, पपा. हलू नका."

"मेयरसाहेबांना मी कधी असं दटावलं नाही," पपा पुटपुटले, पण खुशीत.

शेवटी नाक उरलं. त्या सकाळी विनीने नाकापुरताच पांढरा रंग लावला. रुमालात मावेल एवढा. आज नाकाच्या बाहेर जायचं नाही आणि संध्याकाळपर्यंत ते पुरं व्हायलाच हवं.

उजवी बाजू झाली. शेंडा झाला, थंडीने लाल, तांबड्यात थोडा निळा. मग डावी बाजू आली, आणि कुंचला थांबला. ऊन कलत होतं, म्हातारा शहाण्या मुलासारखा टोपी धरून बसला होता, डोळे पाणावलेले, थंडीने की कशाने कोण जाणे. अकादमीत लोक येणार, बोटं दाखवणार, हसणार. तिने चामखिळीच्या जागी नुसता गुलाबी ठेवला. मग तिचा हात पेटीतल्या त्या मऊ, रुंद कुंचल्याकडे गेला, पपांच्याच जुन्या, कडा पुसून टाकणाऱ्या.

"विनी."

"काय?"

"तो कुंचला मी ओळखतो. चाळीस वर्षं हातात धरलाय. खाली ठेव."

"पपा, लोक..."

"लोकांना मी पुष्कळ सरळ नाकं दिली. खाली ठेव, म्हणतो ना."

तिने ठेवला. पुसट गुलाबी रंग सुरीच्या टोकाने उचलून टाकला आणि तेवढ्याशा ठिपक्यावर पुन्हा ओला पांढरा लावला. मग सगळ्यात बारीक कुंचला घेऊन पुढे वाकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बापाची चामखीळ नीट पाहिली. ती तपकिरी नव्हतीच. कडेला मधासारखी, मध्ये किंचित जांभळी, आणि तिच्यावर एक पांढरा केस उन्हात चमकत होता.

"केस आहे एक," ती म्हणाली.

"असायचाच. तुझी आई दर रविवारी चर्चला जाण्याआधी उपटायची." पपांनी पाय विटांना लावले. "काढ तोही. पण आता घाई कर, पोरी, विटा गार झाल्या."