बापूंनी मोकळी केलेली जागा

हिमाचलातल्या कोटखाईच्या बागायतदार गटासमोर सुषमा बोलायला उभी राहिली. सफरचंदं निवडून पेट्या भरायची सामाईक शेड हे तिच्या वडिलांचं, बापूंचं स्वप्न होतं. ते नुकतेच गेले होते.

"सांग पोरी, बांधायची ना?" झाबेरामचाचांनी विचारलं.

"चाचा, तुमचा उत्तम माल कुठं जाईल?"

"तो माझ्या आडत्याकडं. उरलासुरला शेडमध्ये!"

सगळे हसले.

"मग सगळ्यांचा उरलासुरलाच येणार. त्यात फळं निवडायच्या यंत्राचा खर्चही निघणार नाही. नका बांधू."

"बापूनं शेडच्या जागेसाठी आपली सफरचंदाची झाडं तोडली गं," चाचा हळूच म्हणाले.

परतताना ती त्या मोकळ्या जागेपाशी थांबली. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना कलमाखालून रानटी धुमारे फुटले होते. त्यांना गोड फळ धरणार नव्हतं. तरी तिला ते खुडवेनात.