अकरा तोळ्यांची मेहेर

इक्रामनं मुबारकपूरला दुसरी बायको करून ठेवली, वर्षभर तहसीनाला दिडकी दिली नाही, आणि वर तोंड करून निरोप धाडला, "माझ्याबरोबर राहायचं नसेल, तर खुला घे!" ऐकून तहसीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निलाजरा मेला!

खुला म्हणजे बायकोनं सुटका मागायची आणि बदल्यात नवऱ्यानं निकाहात कबूल केलेली मेहेर सोडायची. त्यानं स्वतः तलाक दिला असता, तर निकाहनाम्यात लिहिलेली अकरा तोळे सोन्याची मेहेर त्याला मोजावी लागली असती. ती त्या दोघांच्या कराराचीच अट होती. म्हणून तलाक द्यायचा नाही आणि नांदवायचंही नाही. बसा कुजत! त्या सोन्यावर मदनपुऱ्यात तहसीनाचे स्वतःचे दोन माग उभे राहिले असते.

शिवाय तो मोहल्लाभर सांगत हिंडायचा, की लग्नाच्या पहिल्या रात्रीच तिनं मेहेर माफ केली. त्यानं विचारलं होतं, हे खरं. नवऱ्यानं त्या रात्री विचारायचं आणि नवरीनं लाजत "माफ" म्हणायचं, ही त्यांच्याकडची रीतच पडून गेली होती. तहसीना सतरा वर्षांची होती. ती खाली मान घालून नुसती गप्प बसली होती.

मागच्या आठवड्यात ती एकटीच काझीसाहेबांकडे गेली. निकाहनाम्याची तिची प्रत सासूच्या पेटीत कुलपाखाली होती, पण निकाहाचं रजिस्टर काझीसाहेबांकडे होतं. शेवटच्या रकान्यात अब्बांनी एक शर्त घालून घेतली होती: इक्रामनं बायकोच्या लेखी परवानगीशिवाय दुसरा निकाह केला, तर तलाकचा हक्क त्यानं तिच्या हाती सोपवला आहे, तिला वाटेल तेव्हा तिनं तो वापरावा. खाली इक्रामची सही होती. जेवणाची घाई झालेल्या नवरदेवानं रकाना वाचलाच नव्हता.

"हा तुझा खुला नव्हे," काझीसाहेब म्हणाले. "त्यानं दिलेला हक्क वापरून होईल तो तलाकच. मेहेर पूर्ण मिळेल. पण दुसरा निकाह झाला हे सिद्ध करावं लागेल, बेटी."

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. चारचौघांत इक्राम त्या बाईला मावसबहीण म्हणायचा!

म्हणून तहसीनानं उलट निरोप पाठवला: खुला घेते, पण मी का जाते हे कागदावर लिहा. उद्या मला कुणी बदचलन म्हणायला नको. मेहेर वाचतेय म्हटल्यावर इक्राम एका पायावर तयार झाला.

आज काझीसाहेबांच्या बैठकीत सासू, दीर, शेजारचे हाजीसाहेब असे सगळे जमले होते. खालच्या कारखान्यातल्या मागांची खटखट वर ऐकू येत होती. काझीसाहेबांनी खुल्याचा मसुदा मोठ्यानं वाचला: 'मी इक्रामुद्दीन, गेल्या सफर महिन्यात मुबारकपुरी नाजमाशी निकाह केला. पहिली बायको तहसीना हिची परवानगी घेतली नव्हती. तिला हे मंजूर नाही, म्हणून ती खुला मागते.'

"मजकूर खरा आहे?"

"खरा आहे, काझीसाहेब. आटपा लवकर."

इक्रामनं झोकात सही ठोकली. दीर आणि हाजीसाहेब यांनी साक्ष घातली. काझीसाहेबांनी कागद तहसीनापुढे सरकवला. तिनं लेखणीला हातच लावला नाही.

"काझीसाहेब, माझ्या निकाहनाम्याचा शेवटचा रकाना वाचा."

त्यांनी रजिस्टर उघडून वाचला. इक्रामच्या तोंडचं पाणी पळालं. "ही कसली शर्त? मला कुणी सांगितलं नाही!"

"सही तुझीच आहे," काझीसाहेब म्हणाले.

तहसीना उभी राहिली. "हाजीसाहेब, भाईजान, तुम्ही साक्षी आहात. यांनी मला सोपवलेल्या हक्कानं मी स्वतःला एक तलाक-ए-बाइन, मागे न घेता येणारा तलाक, देते."

"तलाक पडला," काझीसाहेब म्हणाले. "आता तलाकनंतरची ठरलेली मुदत ती इद्दतीत बसेल, तिचा तेवढ्या दिवसांचा खर्च तुझ्याकडे. आणि अकरा तोळे."

"कसले अकरा तोळे!" इक्राम ओरडला. "पहिल्या रात्रीच माफ केलेत हिनं!"

"तोंडानं म्हणाली?"

इक्राम अडखळला. "लाजली होती. गप्प होती."

"गप्प बसणं म्हणजे माफी नव्हे."

सासूनं लगेच सूर बदलला. पदर पसरून ती तहसीनाच्या पुढ्यात आली. "बेटी, कुठून आणेल गं तो एवढं सोनं? अल्लाच्या नावानं माफ कर. एक शब्द तर बोलायचाय."

दीर, हाजीसाहेब सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. बारा वर्षांपूर्वी लग्नाच्या पहिल्या रात्रीही असंच तिच्या तोंडाकडे बघत कुणीतरी वाट पाहत होतं. या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

"माफ नाही," ती म्हणाली, खालच्या मागकऱ्यांनासुद्धा ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.