ताईने वाचलेल्या अटी

ताई विमा कंपनीत दावे तपासायची, म्हणजे खरं तर फेटाळायची. रडत आलेल्या माणसाला बारीक अक्षरातली अट दाखवून वाटेला लावण्यात तिचा हातखंडा होता. घरी सगळे तिला वचकून असत, आणि तिला ते आवडायचं.

आई दूरच्या शहरात अतिदक्षता विभागात होती. रात्र निघेलसं वाटत नाही, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. ताई आणि धाकटा भाऊ धावतपळत विमानतळावर आले, तर विमान सहा तास उशिरा.

भाऊ मटकन खुर्चीत बसला. ताईने फोनवर विमान कंपनीच्या प्रवासाच्या अटी उघडल्या. वेळापत्रक हा कराराचा भाग नाही, वेळ कधीही बदलू शकते, हे तिने भराभर मागे टाकलं. तिला हवं ते पुढे सापडलं: इतका उशीर झाला तर प्रवाशाने थांबावं, नाहीतर पूर्ण पैसे परत घ्यावेत.

"दुसऱ्या कंपनीचं विमान सव्वा तासात सुटतंय," ती म्हणाली. "जागाही आहे. इथले पैसे वसूल करू आणि तिकडे बसू."

"ताई, थांबूया ना. संध्याकाळी पोचतोच की."

"तू बस वाट बघत. जन्मभर तेच केलंस."

काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, पैसे परत घेतले की करार संपला. तुमची जागा जाईल."

"मला शिकवू नका. वाचलंय मी."

वाचलं होतंच. दुसऱ्या कंपनीचं मात्र एक अक्षरही वाचलं नव्हतं. आपल्या एकटीच्या तिकिटाचे पैसे परत घेऊन, नवं तिकीट काढून ती बॅग ओढत तिथे पोचली, तेव्हा काउंटर नुकतं बंद झालं होतं.

"विमान अजून उभं आहे," ती ओरडली.

"सुटायच्या तासभर आधी चेक-इन बंद होतं," तिथला माणूस म्हणाला. "अटींत आहे. वाचल्या नाहीत का?" हे वाक्य तिने आजवर किती जणांना ऐकवलं होतं, देव जाणे. त्या तिकिटाचे फक्त कर परत मिळणार होते.

ती उलटी पळाली. तोवर पहिल्या कंपनीने दुसरं विमान आणून उशीर निम्म्यावर आणला होता, आणि तिची जागा प्रतीक्षायादीतल्या एका माणसाला गेली होती. पुढचं विमान उद्याचं होतं. दोन तासांनी काचेपलीकडे भाऊ विमानाकडे चालत होता. त्याने मागे वळून पाहिलं, पण थांबला नाही.

रात्री त्याचा फोन आला.

"आई गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती. तुलाच विचारत होती."

ताईने विचारलं, "मग काय सांगितलंस?"

"खरं तेच. ताईला पैसे परत मिळाले म्हणून."