भिंतीवर टिकणारे प्रश्न

शनिवारी पेंटर येणार होता, आणि ऑइलपेंटने एकदा भिंतीवर गेलेला प्रश्न खोडायचा म्हणजे अख्खी भिंत नव्याने रंगवायची. म्हणून मुख्याध्यापिका कामिनी मॅडमनी शुक्रवारी मधल्या सुट्टीत स्टाफरूममधून नंदिनीला बोलावून पुन्हा बजावलं.

"प्रश्नमंजुषेचे पंचवीस प्रश्न. पाच वर्षं तरी हात लावायची वेळ येता कामा नये. आणि मागच्या वर्षीसारखा तमाशा नको हं. आता कोणी पालक भांडायला आला, तर परिपाठातली प्रश्नमंजुषाच बंद. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"हो," नंदिनी म्हणाली. आजकाल ती सगळ्यालाच हो म्हणत असे. त्याला काही लागत नाही.

मागच्या वर्षीचा तमाशा विक्रम सरांमुळे झाला होता. ऐनवेळी एक प्रश्न कमी पडला तेव्हा त्यांनी आपल्या मनाने घातला: भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? पाचवीतली एक मुलगी "असा खेळच नाही" म्हणाली आणि तिचे गुण कापले गेले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील माहिती अधिकारातल्या सरकारी उत्तराची प्रत घेऊन हजर. कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. "आमच्या लहानपणापासून हॉकीच होती ना भाऊ," विक्रम सर म्हणत राहिले, आणि भरल्या मैदानात मुलं हसत राहिली.

नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्या शाळेत प्रश्नमंजुषा नंदिनीने सुरू केली होती. तिचे स्वतःचे प्रश्न कधी अडकले नव्हते, कारण ते आधी घरी अडकून आलेले असत. संध्याकाळी ओट्याशी उभं राहून ती मोठ्याने वाचायची आणि आई मेथी निवडत भांडायची. आई, तुळसाबाई, सातवीपर्यंत शिकलेली. तिला उत्तरं येत नसत. तिला भांडता येत असे.

"महाराष्ट्रात जिल्हे किती?"

"किती?"

"छत्तीस."

"आज. पालघर कवा झाला? तुह्या नोकरीतच झाला नं? उद्या अजून एक काढतीन. मंग पोरगं खोटं का भिंत खोटी?"

तो प्रश्न जाऊन 'महाराष्ट्र राज्याची स्थापना कोणत्या दिवशी झाली' हा आला. सूर्य कोणत्या दिशेला उगवतो, यावर तर आईने तिला गच्चीवरच नेलं होतं. "उन्हाळ्यात त्या टाकीमागून निघते, थंडीत यमुताईच्या घरामागून. कोनतं पूर्व धरू, सांग." धम्मदीक्षेच्या वेळी किती लोक होते, हेही तिने विचारू दिलं नाही. "माहा बाप होता तिथं. त्याले इचारलं तं म्हने, डोया पुरत नव्हता. आकडा ज्याचा त्याचा अलग हाये वं. तू तारीख इचार." नंदिनीने तारीख विचारली. चौदा ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन्न. तिच्यावर कोणी भांडत नाही.

आता आई गेली होती, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. पाहुणे आपापल्या गावी परतले होते. दूधवाल्याला एक पिशवी कमी करायला सांगायचं राहून जाई, आणि फ्रिजमध्ये दही साठत चाललं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी नंदिनी सवयीने ओट्याशी उभी राहिली. बाबा, धोंडबा, खुर्चीवर चहा घेऊन बसले होते. बुटीबोरीच्या कापड कारखान्यातून निवृत्त होऊनही ते यंत्रांच्या आवाजात बसल्यासारखेच बसत. कोणी बोललं तर ओठांकडे बघायचे. प्रश्नांच्या भांडणात ते कधी पडले नव्हते. त्या वेळी ते बाहेरच्या खोलीत बातम्या लावायचे.

"बाबा, वाचू का?"

"वाच."

"महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर? कळसूबाई."

"बरोबर हाये."

"षट्कोनाला बाजू किती? सहा."

"बरोबर हाये."

ती वाचत गेली. बाबा प्रत्येक प्रश्नाला बरोबर हाये म्हणत गेले. चहावर साय धरली. तिला वाटलं, असंच होणार. सगळं बरोबर असणार, शनिवारी भिंतीवर चढणार, आणि सोमवारी परिपाठात कोणीतरी उभं राहणार. प्रश्नमंजुषा बंद होईल. हे तिला कळत होतं. पण दुसऱ्याच्या घरी नळ चालू राहिल्याचं ऐकू यावं, तसं.

"शेवटचा. भारताचा भौगोलिक मध्य कोणत्या शहरात आहे? नागपूर. झिरो माइल."

"बरोबर हाये. हे तं लहान लेकरूबी सांगते."

तिने कागद दुमडला. दुधाखालचा गॅस बंद केला.

"पन," बाबा म्हणाले.

ती वळली.

"तुही माय म्हनाली असती, कोनं मोजलं?"

"इंग्रजांनी. सर्वेक्षण केलं होतं त्यांनी. तिथूनच अंतरं मोजायचे."

बाबा कपाकडे बघत बसले. मग सावकाश, दुसऱ्या कोणाची वस्तू हातात घेतल्यासारखे म्हणाले, "तवा पाकिस्तान इकडंच होता नं? मंग तो गेल्यावर मध्य तिथंच कसा राह्यला? कापड कापल्यावर घडी सरकते वं."

नंदिनी भूगोल शिकवत होती. तिने हे कितीदा वाचलं होतं, की मध्यबिंदू कसा मोजता, बेटं धरता की सोडता, यावर उत्तर बदलतं. कोणी मध्य प्रदेशातलं एक गाव सांगतं. पुस्तकात तिला ते पटलेलं होतं. पण झिरो माइलवरून जाताना बापाने खांद्यावर घेऊन "हा बघ देशाचा मध्य" म्हणून दाखवलेलं, ते पुस्तकातल्यापेक्षा खोल बसलं होतं. दाखवणारा बाप समोरच होता.

"तुम्हीच तर दाखवलं होतं मला," ती म्हणाली.

"मंग? मले काय, कोनी मोजून दाखवलं होतं?"

तिने ओळीवर काट मारली. "'झिरो माइलचा स्तंभ कोणत्या शहरात आहे', असं विचारू?"

"नागपूरच्या पोरायले? हासतीन तुले. तुह्या मॅडमबी हासतीन."

"कर्कवृत्त नागपूरच्या उत्तरेला आहे की दक्षिणेला?"

"कर्कवृत्त काय असते?"

"नकाशावरची रेघ. भोपाळच्या थोडी वर. आपल्या उत्तरेला."

"सरकत नाही नं ते?"

"सरकतं. वर्षाला वीसेक पावलं. आपल्या जवळपास यायलाच कित्येक हजार वर्षं लागतील."

"मंग भिंत पडंन पयले," बाबा म्हणाले. "लिव्ह."

तिने लिहिलं. बाबांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली, थंड चहा एका घोटात संपवला आणि खुर्ची ओट्याकडे सरकवली. आई बसायची तेवढ्या जवळ नाही, पण जवळ.

"ते पयलं काय होतं, कळसूबाई?" त्यांनी विचारलं. "कोनं मोजली?"

"बाबा, त्यावर कोणी भांडत नाही."

"मी भांडून राह्यलो नं. वाच."

नंदिनीने दुमडलेला कागद पुन्हा उघडला. फ्रिजमधून मेथीची जुडी काढून बाबांच्या पुढ्यात ठेवली, आणि पहिल्या प्रश्नापासून वाचायला लागली.