तिसऱ्या ओळीतला रकाना

‘हे दोन सारांश झाले. तुलना कुठे आहे? परिच्छेद पुन्हा लिहा, सोमवारपर्यंत.’ निबंध तपासणाऱ्या बाईंनी एवढंच लिहिलं होतं, तेही लाल शाईत. एक्केचाळिसाव्या वर्षी कुणीतरी कान धरून वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं मला. वॉर्डात माझ्या हाताखाली चार नर्सेस आहेत आणि मी शेरा मारला तर त्या मुकाट ऐकून घेतात. पण इथे मी बाहेरून बी.ए. करणारी विद्यार्थिनी, विषय मानसशास्त्र. हा निबंध नापास झाला की वर्ष गेलं.

रविवारी सकाळी सुट्टी होती. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी बाईंच्या नावानं बोटं मोडत होते. बाबा समोर बसून पेपर वाचत होते. बाबा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला आणि दर उन्हाळ्यात परीक्षेचे गठ्ठे तपासले. निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी वर्तमानपत्रसुद्धा हातात पेन धरून वाचतात.

घरात आम्ही दोघंच. त्यांचा मुलगा, माझा नवरा, नऊ वर्षांपूर्वी सकाळी कामावर गेला आणि दुपारी मला फोन आला. तेव्हापासून त्याच्याबद्दल न बोलण्यात आम्ही दोघं इतके तरबेज झालोय की त्याची परीक्षा असती तर पहिला-दुसरा नंबर घरातच राहिला असता.

“आण इकडे,” बाबा म्हणाले. “किती चरफडशील?”

निबंधाचा विषय होता, माणूस का विसरतो. यादीत बारा विषय होते, त्यातला हाच मी उचलला, आणि का उचलला ते कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्याचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, बोटं आठवतात, शर्टाची कॉलर कुठे विरायची तेही आठवतं. आवाज मात्र गेला. कधी गेला तेही कळलं नाही. रेकॉर्ड केलेला कुठेच नाही, त्याचा फोन त्या अपघातातच फुटला. बाबांना हे सांगणं म्हणजे त्यांचा मुलगा पुन्हा एकदा गेल्याचं सांगणं, असं मला वाटायचं.

बाबांनी परिच्छेद वाचला. पहिल्या पाच ओळी ऱ्हास सिद्धांताच्या: आठवणीचा ठसा वापरला नाही तर काळानुसार पुसट होतो. पुढच्या पाच व्यत्यय सिद्धांताच्या: वेळ काही करत नाही, इतर आठवणी, विशेषतः तशाच प्रकारच्या, आड येतात. शेवटी मी लिहिलं होतं, ‘अशा प्रकारे दोन्ही सिद्धांत महत्त्वाचे आहेत.’

“हे म्हणजे दोन पाहुणे बोलावलेस आणि एकाला पुढच्या खोलीत बसवलंस, दुसऱ्याला मागच्या,” बाबा म्हणाले. “दोघांना चहा मिळाला. भेट झाली का?”

“मग काय करू?”

“प्रश्न तू विचारायचा. एक प्रश्न, दोघांनाही तोच. दोघांची उत्तरं शेजारी लिहायची, मग दुसरा प्रश्न. क्रम बदलायचा नाही, पहिला तो पहिला. आणि वाक्यावाक्याला इकडून तिकडे उड्या मारू नकोस, वाचणाऱ्याला घेरी येईल. मुद्दा पुरा करून मगच हलायचं.”

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर पट्टीनं रकाने आखले. वर दोन सिद्धांतांची नावं, डावीकडे माझे प्रश्न. सुरुवातीला दोघांचं कुठे जमतं ते लिही म्हणाले, नाहीतर तुलना कशाच्या आधारावर करणार. मी शोधलं. दोघंही मानतात की ठसा मुळात उमटलेला असतो.

पहिला प्रश्न सोपा होता: विसरायला काय कारणीभूत? एकीकडे सरलेला काळ, दुसरीकडे आड येणाऱ्या आठवणी. दुसरा प्रश्न, पुरावा. पाठ केल्यावर काही तास झोपलेली माणसं आणि तेवढेच तास जागी राहिलेली माणसं, यांत झोपलेल्यांना जास्त आठवतं. हा प्रयोग मी दुसऱ्या सारांशात नुसता टाकून दिला होता. आता तो दोन्ही रकान्यांना भिडला. नुसत्या काळानंच विसरायला होत असेल, तर दोघांनी सारखंच विसरायला हवं. म्हणजे इथे ऱ्हास सिद्धांत अडतो, आणि जागेपणी नव्या गोष्टी येऊन पडतात म्हणून व्यत्यय सिद्धांत सुटतो.

“बघ, आता भांडायला लागले,” बाबा खूश होऊन म्हणाले. “तिसरा?”

“विसरलेलं परत मिळतं का?” मी लिहिलं. व्यत्ययाखाली भरभर लिहिलं: आठवण बऱ्याचदा नष्ट झालेली नसते, झाकलेली असते, योग्य खूण मिळाली तर वर येऊ शकते. वॉर्डात दिवसभर ‘सिस्टर, सिस्टर’ अशा हाका येतात, नऊ वर्षांत हजारो गळे माझ्या कानावर पडलेत. त्यांच्या खाली त्याचा आवाज असेल, अशी आशा मी या एका वाक्यावर वर्षभर धरून होते.

ऱ्हासाखालचा रकाना रिकामा राहिला.

“तिथे?” बाबांनी पेनानं टकटक केलं.

“पुस्तकात थेट दिलेलं नाही.”

“पुस्तकात नसेल. तू जे वर लिहिलंस त्यातून निघतंच की. ठसाच पुसला, तर काय मिळणार?”

मला माहीत होतं काय मिळणार. मूळ परिच्छेदात तो मुद्दा आलाच नव्हता, आणि सारांशांत ते खपूनही गेलं होतं. प्रत्येकाला आपापलं बोलू दिलं की नको तो प्रश्न विचारावाच लागत नाही. मी पेन खाली ठेवलं.

“अगं, तू हे विसरली नव्हतीस,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “तू हे वगळलंस.”

मी लिहिलं. ‘ऱ्हास सिद्धांतानुसार ठसाच नाहीसा झाला असेल, तर आठवण परत मिळत नाही.’ अक्षर वाकडं आलं. मग मी म्हणाले, “बाबा, मला त्याचा आवाज आठवत नाही.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता उठून आत जातील, नेहमीसारखे.

“मला आवाज येतो,” ते म्हणाले. “पण शब्द नसतात त्यात. वर जातो, खाली येतो, नुसता सूर. तो काय बोलायचा घरात, ते गेलं. मला वाटलं तुला सगळं असेल, म्हणून विचारलं नाही.”

“शब्द आहेत माझ्याकडे.”

“सांग.”

“जेवायला हाक मारली की जिन्यावरून म्हणायचा, आलोच, वाढायला घ्या.” मी ते यादी वाचावी तसं म्हणून टाकलं.

बाबांनी डोळे मिटले. “असं सपाट नाही. ‘आलोच’ला खाली यायचा. आणि पुढचं घाईत.”

मी पुन्हा म्हटलं. तसं नव्हतं, मलाही कळलं. “‘च’वर थांबायचा थोडा,” बाबा म्हणाले, आणि हातानं हवेत तो थांबा दाखवला. तिसऱ्यांदा मी आवाज जाड करून खाली नेला आणि ‘च’वर थांबले. आलोच. वाढायला घ्या.

बाबांनी मान वळवून जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.