चौपट रस्सा

नंदिनीच्या हातचा पाटोडीचा रस्सा घरात आला आणि कांताची झोप गेली. पंधरा वर्षं सावली गावातल्या या घरात तिच्याच हातचं खाऊन माणसं ढेकर देत होती. आता धाकटी जाऊ आली, पहिल्याच आठवड्यात बेसनाच्या वड्यांना लाल तर्रीत डुंबवलं, आणि कांताचा नवरा धनराज, जो कधी जेवताना तोंडातून शब्द काढत नसे, ताट पुसून म्हणाला, "असा रस्सा आपल्या घरी कदी झाला नाई." कांताच्या नाकाला मिरची झोंबली ती रस्स्याची नव्हती.

आज घरात दिव्यानीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. दिव्यानी म्हणजे कांताची नणंद; कांता या घरात आली तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. तिची वेणी, ताप, दहावीचे पेपर, सगळं कांतानं केलं होतं. कुरखेड्याहून मुलाकडची वीस माणसं यायची होती. आणि सकाळी सासूबाईंनी, शकुबाईंनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं:

"रस्सा नंदिनी करल. कांता, तू आज चुलीकडं फिरकू नको. चांगलं लुगडं नेस अन् बाहेर बस."

चुलीकडं फिरकू नको! कांताला वाटलं, सासूनं आपल्याला उचलून परसात फेकलं. आणि धाकटी म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबाच. तिनं हिरवं लुगडं नेसलं, पण बाहेर बसली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सुपारी कातरत बसली आणि डोळे सारखे चुलीकडे लावून ठेवले.

नंदिनी हिशेबाची होती. शकुबाई तिखट खात नसत, म्हणून तिचा रोजचा रस्सा पाच माणसांचा असे. वीस पाहुणे म्हणजे चौपट. तिनं मोबाइलवर आकडे मांडले आणि सगळंच चारनं गुणलं: तेल चौपट, तिखट चौपट, लवंग-दालचिनी चौपट, पाणी चौपट, मीठ चौपट. घरातला सगळ्यात खोल गंज, उभट पातेलं, काढला आणि चुलीवर चढवला.

कांतानं ते पाहिलं आणि तिला आतून गुदगुल्या झाल्या. पोरीला कळत नव्हतं की माणसं चौपट झाली तरी पाणी तेवढं आटत नाही. घरच्या पसरट कढईतलं तिसरा हिस्सा पाणी वाफेनं निघून जातं, म्हणून तो रस्सा दाट होतो. या खोल गंजाचं तोंड कढईएवढंच, पोटात पाणी मात्र चौपट. ते काय आटणार? आणि एवढं पाणी उकळायलाच वेळ लागतो. तोवर लवंग मुरत राहते आणि चव कडू करून सोडते. वीस माणसांना पाणी आधी कमीच घालावं, मसाला जरा हात राखून, आणि मीठ शेवटी, चाखून.

हे सगळं कांताच्या जिभेवर होतं. एक शब्द पुरे होता. पण ती सुपारी कातरत राहिली. होऊ दे, म्हटलं. एकदा तोंडघशी पडू दे.

पडलीच. रस्सा पळीतून पाण्यासारखा ओघळायला लागला. नंदिनीनं चाखला, तोंड वाकडं केलं.

"बाई, फिक्का लागून राह्यला," ती कांताकडे वळून म्हणाली. "मीठ टाकू काय थोडं?"

आता खरं तर देवानंच कांताच्या तोंडात घास ठेवला होता. फिक्का लागणारच, पाणी जास्त उरलं होतं. ते आटलं असतं तर तेच मीठ बरोबर लागलं असतं.

"तुले मालूम," कांता म्हणाली. "रस्सा तुहा आहे."

नंदिनीनं मूठभर मीठ टाकलं. मग दाट व्हावा म्हणून तिनं चुलीत लाकडं सरकवली, दुसरी पसरट कढई काढली, अर्धा रस्सा तीत ओतला आणि दोन्ही खळाखळा उकळायला ठेवले. पाणी वाफ होऊन गेलं. मीठ कुठे जाणार? ते आपलं जागच्या जागी. लवंगेचा उग्र वास परसापर्यंत गेला.

तेवढ्यात अंगणात गाड्या थांबल्याचा आवाज आला. पाहुणे उतरले. पिवळ्या साडीतली दिव्यानी पाणी प्यायला आत धावत आली, आणि लहानपणापासूनची खोड म्हणून तिनं पळीला लागलेला रस्सा बोटानं चाखला. तिचा चेहरा उतरला.

"वयनी," ती कांताचा हात धरून म्हणाली, नंदिनीकडे तिनं पाहिलंही नाही, "हे मीठ त्यायनं खाल्लं तं मले जलमभर आयकवतीन व."

नंदिनीचे डोळे भरून आले. आणि कांताला एकदम लाज वाटली. मत्सराच्या भरात तिनं जाऊ तेवढी पाहिली होती, आपण वाढवलेली पोर पाहिलीच नव्हती.

तिनं पदर खोचला. नंदिनी कणकेचा गोळा टाकायला निघाली, तसा कांतानं तिचा हात धरला. "गोळा खारं पाणी पेते, पन उरलेलं खारंच राह्यते. सोड ते. तू बाहेर जा, पाहुण्याले पाणी दे. मी पाह्यते."

मग ती एकटी भिडली. वर आलेली तर्री पळीनं काढून घेतली, कारण तिखट तेलातच जास्त असतं. लवंगा, दालचिनी वेचून फेकल्या. कांदा-खोबरं भाजून बिनमिठाचं वाटण केलं, त्यात भाजलेलं बेसन आणि आधणाचं पाणी घालून रस्सा वाढवला. पाटोड्यांचं बेसन अजून भिजायचं होतं, ते तिनं मिठाचा कण न घालता शिजवून थापलं. भातही अळणीच चढवला. हिरव्या लुगड्यावर तेलाचे डाग उडाले, भाजलेल्या कांद्याच्या धुरानं डोळे चुरचुरले. तिनं चाखलं, थांबली, पुन्हा चाखलं. जमलं होतं. तिच्या हाताचंच होतं ते, नंदिनीचं नाव फक्त वरवर तरंगत होतं!

बाहेर शकुबाईंची हाक ऐकू आली होती, एकदा नव्हे, दोन-तीनदा. "कांता! कांता कुठी गेली?" पण बेसन ऐन घट्ट होत होतं, हात सोडला तर गाठी झाल्या असत्या.

रस्स्यात पाटोड्या सोडून ती हात पुसत दारात आली. अंगणात ओटी भरून झाली होती. दिव्यानीशेजारी, आईच्या जागी, पाटावर नंदिनी बसली होती. कपाळावर कुरखेडेकरांचं कुंकू, मांडीवर त्यांनी दिलेलं नवं पातळ.

शकुबाई जवळ आल्या. विधवा म्हणून त्या स्वतः पाटावर बसत नसत.

"कुठी होती व? तुलेच बसवाचं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "पोर तू वाढवली. म्हनून तं तुले चुलीपासून दूर ठेवलं, लुगडं नेसाले लावलं. मुहूर्त टळत होता, मंग धाकटीले बसवलं."

कांतानं आपल्या लुगड्यावरचे डाग पाहिले.

पंगत बसली. मुलाच्या आत्यानं रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि विचारलं, "कोनं केला व?"

"मोठ्या बाईनं," नंदिनी पाटावरूनच मोकळेपणी म्हणाली. "मी तं बिघडवला होता."

सगळे कौतुकानं कांताकडे वळले. सकाळपासून तिला हेच हवं होतं. ती पळी घेऊन दारात उभी होती, आणि तिची नजर दिव्यानीशेजारच्या पाटावरून हलत नव्हती.